आईच्या ऑपरेशननंतर बिनपगारी रजा मागताना

जून 2023 मध्ये आई परसदारी पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याच्या हाडाची मान मोडली. ऑपरेशन मिरजेत झालं, माझी नोकरी पुण्यात. एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये व्हेंडर पेमेंट्स बघते. पहिले काही दिवस हक्काच्या रजेत निघून गेले, पण पुढे किती दिवस लागतील हे सर्जनांनी सांगितलं तेव्हा लक्षात आलं की शिल्लक रजेत हे भागणार नाही. मग एचआरला पत्र लिहिलं. ते पत्र, त्याआधीची तयारी आणि त्यावर आलेलं उत्तर याबद्दल इथे लिहिते आहे, कारण त्या आठवड्यात मला असं काही वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी कायद्याचं. आपल्याकडे खासगी नोकरीत आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी म्हणून वेगळी रजा कायद्याने मिळत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत आणि वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांची जबाबदारी ठरवला आहे, पण त्या सांभाळासाठी कामावरून सुट्टी कशी मिळवायची हे तो सांगत नाही. राहतं ते कंपनीचं रजेचं धोरण. आमच्या धोरणात याविषयी एकच वाक्य होतं: अपवादात्मक परिस्थितीत व्यवस्थापनाच्या संमतीने बिनपगारी रजा मंजूर होऊ शकते. किती दिवस, कुठल्या कारणासाठी, काय कागद लागतील, काहीही नाही. म्हणजे हक्क म्हणून काही मागता येणार नव्हतं. समोरच्या माणसाला होकार देणं सोपं जाईल असं पत्र लिहायचं होतं.

सगळ्यात आधी प्रश्न आला तारखांचा. 'आई बरी होईपर्यंत' असं लिहून चालत नाही. एचआरला पगाराच्या यंत्रणेत एक सुरुवातीची आणि एक शेवटची तारीख भरावी लागते, आणि माझ्या वरिष्ठांना तेवढ्या दिवसांसाठी माणूस उभा करावा लागतो. म्हणून मी सर्जनांकडे वही घेऊन बसले. आईचा अर्धा सांधा बदलला होता. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून तिला उभं केलं होतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आता काय, चालायलाच लागली. पण सर्जनांनी टप्पे नीट सांगितले. टाके दोन आठवड्यांनी. सहाव्या आठवड्याला एक्सरे. आणि पूर्ण बारा आठवडे पथ्य: मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, कमी उंचीच्या खुर्चीवर किंवा भारतीय संडासात बसायचं नाही, कुशीवर वळताना दोन पायांत उशी हवी. यातलं एखादं चुकलं तर बसवलेला सांधा निखळू शकतो आणि पुन्हा दवाखाना.

यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. आईला ऑपरेशननंतर रात्री भ्रम व्हायला लागला. दिवसा ती अगदी नीट बोलायची, रात्री मात्र आपण कुठे आहोत हे तिला उमगायचं नाही आणि ती वॉकरशिवाय उठायला बघायची. या वयात अशा ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं, असं डॉक्टरांनी समजावलं. ओळखीचा माणूस जवळ असला, परिचित आवाज कानावर पडला की ते लवकर सावरतं, हेही सांगितलं. ब्युरोची बाई आम्ही दिवसासाठी लावलीच होती. रात्री अनोळखी चेहरा बघून आई जास्तच घाबरायची. म्हणून मीच हवी होते. पत्रात नेमकं हेच कारण लिहायचं ठरवलं.

डिस्चार्जच्या वेळी दवाखान्याने जो दाखला दिला त्यात 'रुग्णास विश्रांतीचा सल्ला दिला आहे' एवढंच होतं. दाखल्यांचा ठरलेला मजकूर असतो, आणि तो रुग्णाच्या स्वतःच्या रजेसाठी असतो. रजा आईला नको होती, मला हवी होती. मी तो तिथल्या तिथे परत दिला आणि डॉक्टरांना विनंती केली की यात तीन गोष्टी हव्यात: कोणती शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला झाली, रुग्णाला चोवीस तास सोबतीची गरज आहे, आणि ती अंदाजे कोणत्या तारखेपर्यंत आहे. डॉक्टरांनी लगेच लेटरहेडवर लिहून दिलं, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. पुढे एचआरने सगळ्यात आधी मागितला तो हाच कागद. तुमच्या बाबतीतही दाखल्यावर 'सोबतीची गरज' हे शब्द आहेत का ते दवाखाना सोडण्यापूर्वीच बघा. घरी आल्यावर तेवढ्यासाठी परत जाणं जड जातं.

पत्र पाठवण्याआधी मी माझ्या सरांना फोन केला. वरिष्ठांना आपल्या माणसाची रजा एचआरच्या ईमेलवरून कळावी हे बरोबर नाही, आणि एचआरही पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार. सर चांगले आहेत. ते म्हणाले, "अगं, एवढी बिनपगारी कशाला घेतेस? मिरजेतून वर्क फ्रॉम होम कर, जमेल तेवढं बघ. पगार तरी चालू राहील." त्यांचा हेतू प्रेमाचाच होता आणि दोन महिन्यांच्या पगाराचा विचार करता मोहही झाला. पण रात्री जागं राहून दिवसा पेमेंट्सच्या रकमा तपासायच्या, मधेच व्यायामाला फिजिओथेरपिस्ट येणार, मधेच आईला कमोड चेअरवर न्यायचं. कामात चूक झाली असती तर ती पैशांची झाली असती, आणि नोंद झाली असती की मी कामावर होते. मी सरांना म्हटलं, "सर, मी कामावर आहे असं दाखवून अर्धवट काम करणं तुम्हालाही त्रासाचं होईल. मी नाही हे कागदावर स्पष्ट असू दे, म्हणजे माझ्या जागी तुम्हाला माणूस मागता येईल." हा मुद्दा त्यांना पटला. पुढे मंजुरी लवकर मिळाली त्याचं मोठं कारण हा फोन होता, असं मी मानते.

पत्र इंग्रजीत गेलं. त्याचा मजकूर मराठीत असा होता.

"मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस,

विषय: आईच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेसाठी 10 जुलै ते 15 सप्टेंबर 2023 या काळात बिनपगारी रजा मिळण्याबाबत.

माझ्या आईच्या खुब्याच्या सांध्यावर 22 जून 2023 रोजी शस्त्रक्रिया झाली. सर्जनांच्या सल्ल्यानुसार तिला शस्त्रक्रियेपासून बारा आठवडे, म्हणजे 14 सप्टेंबरपर्यंत, चोवीस तास सोबतीची गरज आहे. शस्त्रक्रियेनंतर तिला रात्री भ्रम होत असल्याने रात्रीच्या वेळी कुटुंबातील व्यक्तीने जवळ असणे आवश्यक आहे. ही जबाबदारी माझ्यावर आहे. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे.

20 जून ते 7 जुलै या काळासाठी मी भरपगारी रजा घेतली आहे. माझ्या खात्यावर पाच रजा शिल्लक राहतात. परतल्यानंतर आईच्या तपासण्यांसाठी त्या राखून ठेवण्याची परवानगी मिळावी ही विनंती. 10 जुलै ते 15 सप्टेंबर या काळासाठी मला बिनपगारी रजा मंजूर करावी. मी सोमवार, 18 सप्टेंबर रोजी कामावर रुजू होईन.

माझ्या कामाच्या हस्तांतरणाविषयी माझ्या वरिष्ठांशी बोलणे झाले आहे. प्रलंबित बिलांची यादी, दर महिन्याच्या सात तारखेपूर्वी भरायच्या टीडीएसच्या चलनाची कार्यपद्धती आणि व्हेंडरनिहाय संपर्क मी 5 जुलैपर्यंत सहकाऱ्यांकडे सोपवीन. बँकेच्या पोर्टलवर पेमेंट नोंदवण्याचा माझा मेकर आयडी रजेच्या काळात बंद करून दुसऱ्या सहकाऱ्यास अधिकार द्यावेत. तातडीच्या माहितीसाठी मी रोज दुपारी चार ते पाच या वेळेत फोनवर उपलब्ध असेन.

पुढील बाबींविषयी कृपया लेखी कळवावे: रजेच्या काळात माझे व आईचे समूह आरोग्य विम्याचे संरक्षण चालू राहील का, आणि त्याच्या हप्त्याची माझी रक्कम मी कशी भरावी, ही रजा सलग सेवेत धरली जाईल का, आणि परतल्यावर मी सध्याच्याच पदावर व श्रेणीवर रुजू होईन का.

3 ऑगस्टच्या सुमारास आईचा सहा आठवड्यांचा एक्सरे आहे. त्यानंतर प्रकृतीची माहिती मी आपणास कळवीन. सुधारणा अपेक्षेपेक्षा लवकर झाल्यास लवकर रुजू होण्याची माझी तयारी आहे."

यात काय लिहिलं नाही तेही सांगते. माझा भाऊ मस्कतला आहे, वडील नाहीत, घरी माझी मुलगी शाळेत जाते आणि तिच्याकडे सासूबाई बघणार आहेत, यातलं काहीही पत्रात नव्हतं. 'ही जबाबदारी माझ्यावर आहे' हे एक वाक्य पुरेसं होतं. घरातलं सगळं लिहिलं की प्रत्येक नातेवाइकाबद्दल 'मग त्यांना का नाही जमत?' असा प्रश्न निघतो. एचआरच्या मॅडमनी फोनवर तो विचारलाच. मी म्हटलं, "जवळ राहू शकेल अशी मी एकटीच आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अप्रेझलचा विषयही मी पत्रात आणला नाही. तो सरांशी बोलायचा विषय होता, आणि एका पत्रात सगळ्याचाच हिशेब मागितला की मूळ मागणी मागे पडते.

उत्तर आलं ते पूर्ण होकाराचं नव्हतं. मॅडमनी सांगितलं की एवढी लांब रजा एका झटक्यात मंजूर करायला वरच्या पातळीवरची सही लागते आणि त्याला वेळ जाईल. त्यांनीच मार्ग सुचवला: 11 ऑगस्टपर्यंत त्या स्वतः मंजुरी देतील, एक्सरेनंतरचा नवा दाखला आला की उरलेला काळ वाढवून देतील. मला ते पटलं, कारण पत्रात सहा आठवड्यांचा टप्पा मीच दिला होता. पण एक अट घातली. माझी मूळ मागणी 15 सप्टेंबरपर्यंतची आहे आणि दुसरा टप्पा दाखल्यावर अवलंबून विचाराधीन आहे, हे मंजुरीच्या ईमेलमध्ये लिहून हवं. नाहीतर 12 ऑगस्टला मी न सांगता गैरहजर अशी नोंद व्हायला वेळ लागत नाही. बिनपगारी रजा आणि विनापरवानगी गैरहजेरी यांत पगाराच्या पावतीवर काहीच फरक दिसत नाही, दोन्हीकडे पैसे शून्यच. फरक असतो तो त्या एका लेखी मंजुरीचा. ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा मोजताना मंजूर रजेने खंड पडत नाही. न सांगता राहिलेल्या दिवसांवर मात्र सेवेत खंड धरल्याचा आदेश निघू शकतो. तोंडी 'काळजी करू नका, बघू आपण' यावर म्हणूनच थांबू नये.

मंजुरीच्या मसुद्यात एक वाक्य मला खटकलं. 'परतल्यावर उपलब्धतेनुसार योग्य पदावर सामावून घेतले जाईल.' वाचायला साधं आहे, पण याचा अर्थ माझं पद माझ्यासाठी राखलेलं नाही. मी नम्रपणे लिहिलं की मी राजीनामा देत नाही, ठरलेल्या तारखेला परत येणार आहे, तेव्हा सध्याच्याच पद व श्रेणीचा उल्लेख व्हावा. दोन दिवस काही उत्तर नव्हतं. ते दोन दिवस मला फार जड गेले. तिकडे आईची रात्र आणि इकडे हा विचार की आपण एका वाक्यासाठी सगळंच बिघडवतोय का. शेवटी सुधारित मजकूर आला: 'त्याच श्रेणीवर व वेतनावर, शक्यतो त्याच विभागात.' 'शक्यतो' राहिलं. मी ते मान्य केलं. श्रेणी आणि वेतन पक्कं झालं होतं, आणि विभागाबाबत सरांचा शब्द होता.

विम्याचा प्रश्न मी पत्रात का घातला ते सविस्तर सांगते, कारण हा सगळ्यात जास्त विसरला जातो. आमच्या समूह विम्यात आईचं नाव होतं, पण आईवडिलांचा हप्ता माझ्या पगारातून दरमहा कापला जायचा. पगारच नाही तर कापणार कशातून? ऑपरेशनचा दावा जूनमध्येच मंजूर झाला होता. पण डिस्चार्जनंतरचे साठ दिवस, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपर्यंतचा औषधांचा, तपासण्यांचा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिजिओथेरपीचा खर्चही त्या पॉलिसीतून परत मिळणार होता. नेमका तोच काळ बिनपगारी होता. एचआरने विचारून कळवलं की संरक्षण चालू राहील, मात्र उरलेल्या हप्त्यांची रक्कम मी एकदम कंपनीच्या खात्यात भरावी. मी त्याच दिवशी भरली आणि पोचपावती मागून घेतली. पुढचा दावा विनाअडचण मिळाला.

पैशाचा बाकी हिशेब असा. जुलैत नऊ दिवसांचा पगार आला, ऑगस्टचा काहीच नाही. सप्टेंबरमध्ये मला वाटलं होतं की रजा शुक्रवारी, 15 तारखेला संपते म्हणजे शनिवार-रविवार पगारी धरतील. आमच्या यंत्रणेत रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिनपगारी मोजतात, म्हणून तेही दोन दिवस गेले. हे आधी विचारून घेतलेलं बरं, कारण शेवटची तारीख कुठल्या वारी येते यावर दोन-तीन दिवसांचा पगार ठरतो. पीएफच्या पासबुकात ऑगस्टची ओळ भरली गेली नाही. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि कंपनी ते दिवस विनावर्गणीचे म्हणून दाखवते. जुन्या रकमेवर व्याज चालू राहतं. बघायचं एवढंच की नोकरी सोडल्याची तारीख चुकून भरली गेली नाही ना. घरकर्जाचा हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जायचा, म्हणून यजमानांनी जुलैअखेर तिथे आगाऊ रक्कम टाकून ठेवली. बऱ्याच बँका सलग काही महिने पगार जमा न झाल्यास पगाराचं खातं साध्या बचत खात्यात बदलतात आणि मग किमान शिल्लक लागते. आमचा एकच महिना कोरा गेला, त्यामुळे तिथवर वेळ आली नाही.

रजा सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी एक काम आठवणीने केलं. मंजुरीचा ईमेल, जोडलेला दाखला आणि हप्त्याची पावती माझ्या खासगी ईमेलवर घेतली, अर्थात एचआरला विचारून. सोमवारी सकाळी माझं ऑफिसचं लॉगिन बंद झालं. लांब रजेवर असताना ते बंद करतात हे मला तेव्हाच कळलं.

ऑगस्टच्या एक्सरेत सांधा जागेवर होता. रात्रीचा भ्रम जुलैच्या अखेरीस बराच ओसरला होता, पण वॉकर सुटला नव्हता आणि पथ्याचे आठवडे उरले होते. डॉक्टरांनी नव्या दाखल्यात हे जसंच्या तसं लिहिलं. सुधारणा आहे हे लपवलं तर पुढचा दाखला खोटा वाटतो. मुदत संपायच्या आधीच्या आठवड्यात मी तो पाठवला, सोबत दोन ओळी: पहिल्या मंजुरीचा संदर्भ, आणि मूळ मागणीप्रमाणे 15 सप्टेंबरपर्यंत वाढ मिळावी. मधल्या काळात सहकाऱ्यांचे फोन चार ते पाचमध्येच आले, तेही दुसऱ्या महिन्यात थांबले. मला वाटतं, ठरलेली वेळ दिल्यामुळेच ते इतर वेळी आले नाहीत. वाढीची मंजुरी 10 ऑगस्टला मिळाली.

18 सप्टेंबरला रुजू झाले, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी होती. रुजू झाल्याचा एक ईमेल एचआरला आणि सरांना पाठवला, कारण बिनपगारी रजा संपल्याची नोंद आपोआप होत नाही आणि ती झाली नाही तर पगार अडकतो. हजेरीच्या यंत्रणेत पहिल्या टप्प्यानंतरचे काही दिवस 'गैरहजर' दिसत होते. दुसरी मंजुरी ईमेलवर आली होती, यंत्रणेत कोणी चढवलीच नव्हती. मी तो ईमेल जोडून दुरुस्ती मागितली आणि महिनाअखेरच्या आत ते दिवस मंजूर रजेत बदलून मिळाले. राखून ठेवलेल्या पाचांपैकी पहिली रजा ऑक्टोबरमध्ये वापरली, आईला पुढच्या तपासणीसाठी मिरजेला नेताना.